फोन बंद असताना कोणी कॉल केला ते कळत नाही? मिस्ड कॉल अलर्ट असा तपासा आणि सुरू करा

गेल्या वर्षी माझी मामेबहीण एका परीक्षेला गेली होती. केंद्रावर नियमाप्रमाणे फोन स्विच ऑफ करून बॅगेत, बॅग बाहेरच्या खोलीत. तीन तासांनी बाहेर आली, फोन चालू केला, एकही मेसेज नाही. म्हणजे कोणी कॉल केला नाही असं समजून ती निवांत घरी आली. रात्री तिला ईमेल दिसला: नोकरीच्या मुलाखतीसाठी तुम्हाला आज तीन वेळा फोन केला, संपर्क झाला नाही, उद्या सकाळी अकराच्या आत कळवा. ईमेल उघडला नसता तर संधी गेलीच होती.

तिचं म्हणणं साधं होतं. "दादा, आधी फोन बंद असला की नंतर मेसेज यायचा ना, अमुक नंबरवरून एवढे कॉल आले होते म्हणून? तो कधीपासून बंद झाला?" मी तिचा फोन हातात घेतला आणि दहा मिनिटांत कारण सापडलं. ते कारण तुमच्या फोनमध्येही असू शकतं, म्हणून हा लेख.

फोनला स्वतःला काहीच माहीत नसतं

फोन वाजला आणि तुम्ही उचलला नाही, तर तो मिस्ड कॉल फोनच्या कॉल लॉगमध्ये दिसतो, कारण कॉल फोनपर्यंत पोचलेला असतो. फोन बंद असेल किंवा रेंज नसेल तर कॉल पोचतच नाही. त्यामुळे लॉगमध्ये काही दिसण्याचा प्रश्नच नाही. हा हिशेब ठेवायचा तर तो नेटवर्कनेच ठेवायला हवा, आणि मिस्ड कॉल अलर्ट म्हणजे तोच हिशेब.

नेटवर्क तो कसा ठेवतं? कॉल दुसरीकडे वळवून. हे एक वाक्य लक्षात ठेवलं की पुढचं सगळं आपोआप समजेल.

मोबाईल नेटवर्कमध्ये प्रत्येक नंबरसाठी कॉल वळवण्याचे चार प्रसंग ठरलेले आहेत. प्रत्येक कॉल वळवायचा, लाईन बिझी असेल तर वळवायचा, उचलला नाही तर वळवायचा आणि फोन सापडतच नसेल तर वळवायचा. अलर्ट सेवेसाठी कंपनी या चौथ्या प्रसंगापुढे स्वतःच्या एका सर्व्हरचा नंबर टाकते. तुमचा फोन बंद असताना कोणी कॉल केला की तो या सर्व्हरकडे जातो. सर्व्हर समोरच्याला "हा नंबर सध्या बंद आहे" असं ऐकवतो आणि कॉल करणाऱ्याचा नंबर व वेळ टिपून ठेवतो. समोरच्याला बहुतेक वेळा वेगळं काही जाणवतही नाही.

मग तुम्ही फोन चालू करता. चालू होताच फोन टॉवरला "मी आलो" असं सांगतो, नेटवर्क ती खबर एसएमएस केंद्राला देतं आणि अडकून पडलेले एसएमएस सुटतात. त्यातच अलर्ट असतो: कोणत्या नंबरवरून, किती वेळा, शेवटचा कॉल किती वाजता.

जाता जाता एक गंमत. फोन नीट स्विच ऑफ केला किंवा फ्लाईट मोडवर टाकला तर तो जाताना नेटवर्कला निरोप देऊन जातो. त्यामुळे कॉल करणाऱ्याला उत्तर लगेच ऐकू येतं. पण तुम्ही घाटात, तळघरात किंवा लिफ्टमध्ये शिरून रेंज गेली तर नेटवर्कला ते कळलेलं नसतं. ते आधी फोनला हाका मारतं, काही सेकंद वाट पाहतं आणि मग "संपर्क क्षेत्राच्या बाहेर" म्हणतं. कॉल लावल्यावर सुरुवातीला जी शांतता असते ती हीच. अलर्ट मात्र दोन्ही प्रकारांत यायला हवा.

तुमचा अलर्ट जिवंत आहे का? एका कोडमध्ये कळतं

डायलर उघडा आणि हा कोड टाकून कॉलचं बटण दाबा:

```
*#62#
```

62 हा "फोन सापडत नसेल तर" या प्रसंगाचा आकडा आहे. पुढे `*#` असलं की तो फक्त विचारणा करतो, काहीही बदलत नाही. त्यामुळे हा कोड बिनधास्त टाकून बघा. ड्युअल सिम फोन असेल तर तुमचा मुख्य नंबर ज्या सिमवर आहे तेच सिम निवडा, नाहीतर भलत्याच सिमचं उत्तर वाचाल.

उत्तर दोनपैकी एक येतं. `Voice:` पुढे एखादा नंबर दिसला, तर फोन बंद असताना तुमचे कॉल त्या नंबरवर जात आहेत. बहुतेकदा तो कंपनीच्या अलर्ट किंवा व्हॉईसमेल सर्व्हरचा नंबर असतो. `Voice: Not forwarded` असं आलं, तर कॉल कुठेच वळत नाहीत. `Connection problem or invalid MMI code` असं काही आलं तर घाबरू नका, हीच माहिती फोनच्या सेटिंगमध्येही मिळते. गूगलच्या फोन ॲपमध्ये तीन ठिपके, मग `Settings`, `Calling accounts`, तुमचं सिम आणि `Call forwarding` असं जा. सॅमसंगमध्ये हाच पर्याय `Supplementary services` च्या आत असतो. तिथे `When unreachable` ही ओळ बघा.

माझ्या बहिणीच्या फोनवर उत्तर आलं `Voice: Not forwarded`. आणि तिच्या कंपनीच्या ॲपमध्ये मात्र मिस्ड कॉल अलर्ट "सुरू" दिसत होता! आता यातलं खरं कोण?

व्हॉट्सॲपवरचा तो मेसेज

तिला विचारलं, "महिनाभरात कॉल फॉरवर्डिंगचा कुठला कोड टाकला होतास का?" आधी नाही म्हणाली. मग आठवलं. कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत होता की `*#62#` टाका, नंबर दिसला तर समजा तुमचा फोन कोणीतरी ऐकतंय, लगेच हा कोड टाकून स्वतःला सोडवा:

```
##002#
```

तिने टाकला होता. आधी खरंच एक अनोळखी नंबर दिसला होता, म्हणून घाबरून टाकला. आणि तो नंबर होता तिच्याच कंपनीच्या अलर्ट सर्व्हरचा.

`##002#` चा अर्थ आहे "चारही प्रसंगांतली सगळी वळवणी पुसून टाक". तो कोड हॅकर आणि अलर्ट सर्व्हर असा भेदभाव करत नाही, दोन्ही पुसतो. कंपनीच्या ॲपला मात्र ही गोष्ट कळवली जात नाही. त्याच्या नोंदीत सेवा घेतलेली आहे, एवढंच त्याला माहीत. म्हणून ॲप म्हणतं "सुरू", आणि प्रत्यक्षात कॉल सर्व्हरपर्यंत पोचतच नाहीत. अलर्ट बंद पडला की त्याचा मेसेज येत नाही, त्यामुळे हे महिनोन्महिने कळतही नाही. मेसेज नाही म्हणजे कॉल आला नाही, असंच आपण धरून चालतो.

मग त्या व्हायरल मेसेजमध्ये काहीच तथ्य नाही का? थोडं आहे, पण चुकीच्या आकड्याला चिकटवलेलं. खरी फसवणूक बहुतेक वेळा 21 या आकड्याने होते. 21 म्हणजे "प्रत्येक कॉल वळवा". कुरिअरवाला किंवा कंपनीचा माणूस असल्याचं सांगून कोणीतरी फोन करतो आणि `*401*` किंवा `**21*` ने सुरू होऊन पुढे एक मोबाईल नंबर असलेला कोड डायल करायला लावतो. तो टाकला की तुमचे सगळे कॉल त्याच्याकडे. मग तो तुमच्या नंबरने व्हॉट्सॲप सुरू करायला जातो, ओटीपी कॉलवर मागतो आणि तो कॉल त्याला मिळतो. याच प्रकारांमुळे दूरसंचार विभागाने २०२४ मध्ये सर्व मोबाईल कंपन्यांना सांगितलं की यूएसएसडी कोड डायल करून कॉल फॉरवर्डिंग सुरू करण्याची सोय १५ एप्रिलपासून पुढील आदेशापर्यंत बंद ठेवा.

म्हणून दोन्ही आकडे वेगवेगळे वाचायचे. `*#62#` ला कंपनीचा नंबर दिसणं नेहमीचं आहे. `*#21#` ला मात्र तुम्ही स्वतः न टाकलेला कुठलाही नंबर दिसला तर तो धोका समजा. त्यासाठी सगळं पुसायची गरज नाही. `##21#` टाकला, किंवा सेटिंगमध्ये `Always forward` बंद केलं, की फक्त तेवढीच वळवणी जाते आणि अलर्ट शाबूत राहतो. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाईनवर कॉल करा.

62 ला दिसलेला नंबर कंपनीचाच आहे का अशी शंका असेल तर त्याच सिमवरून 198 लावा आणि नंबर वाचून दाखवून विचारा. साधा दहा आकडी मोबाईल नंबर असेल आणि कंपनी तो आपला नाही म्हणाली, तर तो नक्की काढा. फोन बंद असतानाच चालणारी वळवणी फसवणाऱ्यालाही सोयीची असते, कारण तुम्हाला तिचा पत्ता लागत नाही.

बंद पडलेला अलर्ट परत कसा आणायचा

बहिणीच्या बाबतीत आम्ही काय केलं ते क्रमाने सांगतो.

आधी कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन मिस्ड कॉल अलर्ट बंद केला. "सुरू" दिसत असताना पुन्हा सुरू करून उपयोग नसतो, कारण सिस्टीम म्हणते हे तर आधीच सुरू आहे. काही मिनिटं थांबून तो परत चालू केला आणि `*#62#` टाकला. अजूनही `Not forwarded`. तासाभराने बघितलं, तेच.

मग 198 लावला. पहिल्यांदा त्यांनी "मॅडम, तुमची सर्व्हिस ॲक्टिव्ह आहे" असंच सांगितलं, कारण त्यांच्या स्क्रीनवरही तेच दिसतं. इथे वाद घालण्यात अर्थ नाही. नेमकं वाक्य बोलावं लागतं: "सेवा ॲक्टिव्ह आहे, पण माझ्या नंबरवर फोन बंद असतानाचं कॉल फॉरवर्डिंग रिकामं आहे. कृपया अलर्ट काढून पुन्हा टाका आणि तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक द्या." त्यांनी नोंदवली. दुसऱ्या दिवशी दुपारी `*#62#` ला नंबर दिसला. नंतर एकदा फोन बंद करून चालू करायला सांगितलं होतं, तेही केलं.

तुम्ही आजवर ही सेवा घेतलीच नसेल तरी रस्ता हाच, ॲप नाहीतर 198. ॲपच्या शोधपट्टीत `Missed Call Alert` असं टाका, मेनूत हुडकत बसू नका. नंबर पोर्ट करून नव्या कंपनीत गेला असाल तर जुन्या कंपनीने लावलेली वळवणी तुमच्याबरोबर येत नाही, ती नव्या कंपनीकडून नव्याने लावून घ्यावी लागते. सुरू करताना पैसे किती कापणार ते आधी वाचा. चुकून पैसे लागणारी सेवा गळ्यात पडली तर 155223 हा सगळ्या कंपन्यांसाठीचा एकच नंबर अशा सेवा बंद करण्यासाठी आहे.

आणि शेवटी चाचणी. ही टाळू नका, कारण काही नेटवर्कवर वळवणी ग्राहकाच्या नोंदीत न लावता आतल्या आत केलेली असते. तिथे `*#62#` ला `Not forwarded` येऊनही अलर्ट व्यवस्थित येतात. म्हणजे कोड हा सुगावा आहे, पुरावा नव्हे. पुरावा असा मिळवा: फोन स्विच ऑफ करा. एक-दोन मिनिटांनी घरातल्या दुसऱ्या फोनवरून दोन कॉल करा आणि वेळ लिहून ठेवा. पाच मिनिटांनी फोन चालू करा. बहिणीला चालू केल्यावर काही सेकंदांतच अलर्ट आला, दोन कॉल आणि बरोबर वेळ. तुम्हाला पंधरा-वीस मिनिटांत आला नाही तर आधी मेसेज ॲपमधला स्पॅमचा फोल्डर बघा. तिथेही नसेल तर पुन्हा 198.

खऱ्या अलर्टला लिंकची गरज नसते, नंबर आणि वेळ एवढंच पुरतं. "तुमचा मिस्ड कॉल ऐकण्यासाठी इथे दाबा" असं काही आलं तर दाबू नका.

स्वतःचाच दुसरा नंबर टाकला तर?

हा प्रश्न हमखास येतो. `When unreachable` मध्ये आई-बाबांचा किंवा स्वतःचा दुसरा नंबर टाकता येतो. मग निरोपाची वाट बघायलाच नको, कॉल थेट तिकडे वाजतो. गावाकडे रेंज नसते अशा दिवसांत मी स्वतः हे करतो. पण तीन गोष्टी माहीत असू द्या.

एका प्रसंगासाठी एकच नंबर बसतो. तुमचा नंबर टाकला की अलर्ट सर्व्हरचा जातो. नंतर तुमचा काढला तरी सर्व्हरचा आपोआप परत येईलच असं नाही, म्हणून आधी `*#62#` चा स्क्रीनशॉट काढून ठेवा. दुसरं, वळलेला भाग तुमचा आउटगोइंग कॉल धरला जातो, त्यामुळे अमर्याद कॉलचा प्लॅन नसेल तर बिल किंवा बॅलन्स तुमचा. तिसरं, फोन बंद असताना येणारे ओटीपीचे कॉलही तिकडेच जातील, तेव्हा नंबर घरच्या विश्वासातल्या माणसाचाच हवा.

आणि हो, दुसरा नंबर त्याच फोनमधल्या दुसऱ्या सिमचा टाकू नका. फोन बंद झाला की दोन्ही सिम बंद. हसू नका, एका मित्राने केलं होतं.

बऱ्याच आयफोनवर मात्र सेटिंगमध्ये कॉल फॉरवर्डिंगचं एकच बटण दिसतं आणि ते सगळेच कॉल वळवतं. या कामासाठी ते वापरू नका.

फोन चालू असतानाही अलर्ट येतोय?

"फोन दिवसभर हातात होता, फुल रेंज होती, तरी अलर्ट आला" अशी तक्रार मी खूप ऐकतो. बहुतेक वेळा कारण ड्युअल सिम असतं. बऱ्याच फोनमध्ये दोन सिम असली तरी बोलण्यासाठी रेडिओ एकच असतो. सिम २ वर तुम्ही बोलत असाल तर तेवढा वेळ सिम १ नेटवर्कला सापडत नाही. त्यावर आलेला कॉल बिझी न लागता थेट 62 च्या वाटेने सर्व्हरकडे जातो. अलर्टमधली वेळ आणि कॉल लॉगमधली सिम २ वरच्या बोलण्याची वेळ जुळवून बघा, लगेच उलगडेल. महत्त्वाच्या कॉलची वाट बघत असाल त्या दिवशी दुसऱ्या सिमवर लांबलचक गप्पा नकोत.

दुसरं कारण जिओसारख्या फक्त ४जी आणि ५जी असलेल्या नेटवर्कवर दिसतं. सेटिंगमध्ये व्होल्टीईचं बटण चुकून बंद झालं तर इंटरनेट चालतं, व्हॉट्सॲप चालतं, पण साधा कॉल येऊच शकत नाही. दिवसभर ऑनलाईन असूनही लागोपाठ अलर्ट येत असतील तर पहिल्यांदा हे बटण बघा. आणि घरात रेंज कमी पण वायफाय चांगलं असेल तर `Wi-Fi calling` चालू करा. मग कॉल वायफायवरून फोनपर्यंत पोचतो आणि अलर्टची वेळच येत नाही.

व्हॉट्सॲपच्या कॉलचा मात्र या सगळ्याशी संबंध नाही. तो नंबरवरून दिसत असला तरी इंटरनेटवरून येतो, तुमची मोबाईल कंपनी तो टिपत नाही. फोन बंद असताना आलेला व्हॉट्सॲप कॉल पुन्हा ऑनलाईन आल्यावर व्हॉट्सॲपच्याच कॉल यादीत शोधायचा.

बहिणीने दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाच त्या कंपनीला फोन केला, मुलाखत झाली. आता परीक्षेला जाताना फोन बॅगेत टाकण्याआधी ती `*#62#` टाकून बघते, आणि मग बंद करते.